मिठाची ओळ

“मिठाच्या बरणीत ओला हात घालायचा न्हाय. आन् उपासाच्या मिठात माशाचा हात तर सपनातपन न्हाय.”

ठमीबाय हे सांगायची तेव्हा क्रांती जेमतेम चुलीएवढी होती. ठमीबाय म्हणजे तिची आई. माहेर उत्तरेकडे, पेणच्या पलीकडे, मिठागरांच्या गावात. तिथे उन्हाळ्यात अंगणातून बघितलं तर शेतासारखे चौकोनच चौकोन, पण पीक हिरवं नाही, पांढरं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, कोंडून ठेवायचं, उन्हाने आटवायचं आणि खाली धरलेलं मीठ ओढून ढीग लावायचे. क्रांतीचा बाप कोंडाजी हेच करत म्हातारा झाला. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पदराला हात पुसल्याशिवाय क्रांतीचा हात अजून बरणीकडे जात नाही.

सासर काशीदचं. नवरा गणराज, धाकटा दीर मुंबईला बोटीवर, आणि धाकटी जाऊ प्राप्ती. रस्त्याच्या कडेला, सुरूच्या झाडांच्या अलीकडे त्यांचं हॉटेल. पाटीवर मोठा पापलेट काढलेला. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या लागल्या की सुरमईची तुकडी तव्यावरून उतरायला फुरसत नसते. गणराज गल्ल्यावर, प्राप्ती बुकिंगवर आणि कॉम्प्युटरवर, आणि स्वयंपाकघर क्रांतीचं. ते तिचंच, यात कोणाचं दुमत नव्हतं.

क्रांती मात्र स्वतः आठवड्यातले निम्मे दिवस मासळी खात नसे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, आणि नवरात्रात नऊ दिवस एकभुक्त, अनवाणी. तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहासुद्धा नाही. माशांच्या हॉटेलची मालकीण आणि एवढे नेम, म्हणून शेजारपाजारचे हसायचे. ती ऐकून घ्यायची आणि मसाला वाटायला बसायची. पण हॉटेलच्या मागे, विहिरीकडच्या पडवीत, तिने एक वेगळी चूल मांडली होती. तिथली कढई वेगळी, पळी वेगळी, तवा वेगळा, मिठाची बरणीही वेगळी. मासळीच्या बाजूचा एक चमचाही तिकडे येत नसे. घरच्यांचे उपास तिथेच होत. कधी एखादं गिऱ्हाईक दबकत विचारायचं, “उपासाचं काही मिळेल का?” तेव्हा क्रांती त्याला तिथली खिचडी करून द्यायची. गणराज त्याचे पैसे लावायला विसरायचा किंवा लावायला लाजायचा, ते तिला कधी कळलं नाही.

यंदा नवरात्राआधी नवी मुंबईतल्या एका कंपनीतून अमिषाचा फोन आला. ही अमिषा दर वर्षी आपल्या ऑफिसच्या लोकांना, त्यांच्या घरच्यांना घेऊन काशीदला यायची. बोलणं मराठी, मधूनच गुजराती आणि हिंदी.

“प्राप्तीबेन, यंदा आपण नवरात्रीमाच येतोय. दुसऱ्या तारखा मिळाल्याच नाहीत. निम्मे लोक उपवासवाले. आणि निम्म्यांना उपवास म्हणजे काय ते माहीतच नाही. केरळचे आहेत, बंगालचे आहेत, एक तर जर्मनीहून आलाय. मागच्या वेळी एका ठिकाणी त्यांनी उपवासाची थाळी मागवली आणि नंतर मलाच विचारत बसले, यात काय आहे, हे का नाही, ते का चालतं. मी जेवू की शिकवू? तुम्ही एक कार्ड करा ना. नीट समजावलेलं. मग आम्ही दोन्ही दिवस तुमच्याकडेच जेवू.”

प्राप्तीने फोन ठेवला आणि तशीच पडवीत आली. “ताई, तुमच्या चुलीचं नशीब उघडलं.”

क्रांती रताळी धूत होती. तिचा हात थांबला. पाहुण्यांच्या पुढे, छापील कार्डावर, पापलेटच्या बरोबरीने तिची उपासाची थाळी येणार होती. दबकत नाही, उपकार म्हणून नाही. त्या दिवशी रताळी जरा जास्तच स्वच्छ निघाली.

दुसऱ्या दिवशी प्राप्तीने फोनवरून एक तयार नमुना उतरवून आणला. वर कमळ, खाली कमळ, मध्ये सोनेरी अक्षरं. ती मोठ्याने वाचू लागली. “उपवास स्पेशल. शुद्ध, सात्त्विक, पचायला हलकं, वजन घटवणारं.”

“काय पचायला हलकं?” क्रांतीने विचारलं.

“साबुदाण्याची खिचडी.”

गणराज गल्ल्यावरून म्हणाला, “ती खाऊन मी दुपारी उठतो तो चहालाच. हलकी म्हणे.”

“भाऊजी, लोकांना असंच आवडतं.”

“प्राप्ती,” क्रांती हळू आवाजात म्हणाली, “वजन घटवायला कोन देवीचा उपास धरतं का गं? हे जिमवाल्यांचं कार्ड हाय. आपलं न्हाय.”

“मग तुम्ही सांगा, मी लिहिते. पण लक्षात ठेवा, वाचणाऱ्याला ओ की ठो माहीत नाही. त्याला वाटणार, उपवास म्हणजे उपाशी. आणि समोर तर ताट भरलेलं.”

पहिल्यांदा गाडी तिथेच अडली. उपवास म्हणजे काय, हे क्रांतीला आयुष्यात कोणी विचारलंच नव्हतं. श्वास कसा घेता, असं कोणी विचारावं तसं तिला झालं. ती बराच वेळ चुलीतला जाळ मागेपुढे करत बसली.

“लिही,” शेवटी ती म्हणाली. “ठरलेल्या दिवशी देवासाठी आम्ही रोजच्या जेवणातलं काही सोडतो. भात, गहू, ज्वारी, बाजरी, नाचणी, सगळ्या डाळी, कडधान्यं. कांदा, लसूण. मासळी, मटण, अंडं.”

“आणि मग खातो काय?”

“साबुदाना, वरी, राजगिरा, शिंगाड्याचं पीठ. बटाटा, रताळं, सुरण, काकडी. शेंगदाने. दूध, दही, ताक, तूप. फळं. तिखटाला हिरवी मिरची, फोडणीला जिरं.”

“हळद?”

“न्हाय.”

“मोहरी? हिंग?”

“न्हाय. हिंगात तर गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं बहुतेक वेळा. ते लिही. त्यांना कारण कळेल असं तेवढं तरी एक हाय.”

गणराज आता पेपर बाजूला ठेवून पडवीच्या उंबऱ्यावर येऊन बसला. त्याला अशा बाबतीत खोडी काढायची सवय. “बटाटा बाहेरून आला. मिरचीपन बाहेरून आली. शेंगदानापन. साबुदाना तर काल-परवाचा. मंग देवीला उपासाचा हा मेनू कळवला कोनी? का तिने आधी चाखून पास केला?”

प्राप्ती हसायला लागली. क्रांती हसली नाही, पण रागावलीही नाही. तिने रताळ्याची एक फोड केली, दुसरी केली. मग म्हणाली, “सोडायचं ते जुनं हाय. खायचं ते ज्याच्या त्याच्या गावाला जे गवसलं ते. म्हनून तर घराघरात वेगळं. माझ्या आईकडे कोथिंबीर चालायची, तुमच्या आईला चालायची न्हाय. म्हनून भांडन झालं का कधी? मी कोथिंबीर वाटीत वेगळी ठेवायची, ज्याला हवी त्याने घ्यावी.”

प्राप्तीची लेखणी थांबली. “ताई, हेच लिहू का? तुम्ही म्हणालात तसंच?”

मग कार्ड लिहून झालं ते असं. वरच्या बाजूला प्राप्तीने लिहिलं: “उपवास म्हणजे उपाशी राहणं नव्हे. ठरलेल्या दिवशी देवासाठी आम्ही रोजचं धान्य, डाळी, कांदा, लसूण आणि मासळी सोडतो. काय सोडायचं ते जुनं आहे. त्याऐवजी काय खायचं, हे प्रत्येक घराचं थोडं वेगळं असतं. खाली लिहिलेलं आमच्या घरचं आहे. तुमच्या घरी वेगळं असेल, तर सांगा. तुम्हाला उपवास नसेल, तरी या ताटाला बसा.”

खाली एकेक पदार्थ. खिचडीपुढे साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाटा, हिरवी मिरची, जिरं, तूप, चिमूटभर साखर, लिंबू. वरीपुढे प्राप्तीने खास लिहिलं की हिला वऱ्याचे तांदूळ म्हणतात, पण हा भात नव्हे, बारीक दाण्याची वरी वेगळी. नाहीतर लोक म्हणणार, भात सोडलाय म्हणता आणि भात वाढता. दाण्याची आमटी, त्यात आमसूल. रताळ्याचे काप तुपातले. काकडीची कोशिंबीर, दही आणि कूट घालून. राजगिऱ्याची पुरी. ताक. शेंगदाणा ज्यांना सोसत नाही त्यांनी आधी सांगावं, तो यात जवळजवळ सगळीकडे आहे, ही ओळ प्राप्तीने स्वतःहून घातली आणि क्रांतीने तिच्या पाठीवर थाप मारली. कोथिंबीर वाटीत वेगळी मिळेल. आणि सगळ्यात शेवटी: “हा स्वयंपाक मागच्या पडवीतल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत होतो. मासळीच्या भांड्यांशी त्याचा संबंध येत नाही. आधी देवीला नैवेद्य दाखवला जातो, म्हणून करताना कोणी चाखत नाही.”

“न चाखता?” प्राप्ती म्हणाली. “हे वाचून लोक घाबरतील.”

“घाबरू दे. हाताला अंदाज हाय.”

कार्ड मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत रेवदंड्याहून छापून आलं. जाड कागद, वर प्लास्टिक. कमळ नव्हतं. गणराजने एक कार्ड गल्ल्यावर पापलेटच्या मेनूशेजारी उभं करून ठेवलं, मागे सरकून बघितलं, पुन्हा जरा सरळ केलं. क्रांतीने ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

मंडळी आली ती षष्ठीच्या दुपारी. पाऊस उघडून ऊन कडक पडलं होतं, समुद्र चकाकत होता. सगळी टेबलं भरली. अमिषा उभ्यानेच सगळ्यांना सांगत होती, “कार्ड वाचा, मला विचारू नका. मला आज फक्त जेवायचं छे.”

आणि लोक खरंच वाचत होते. केरळचा एक दाढीवाला कार्ड घेऊन पडवीच्या दारापर्यंत आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “चाची, ये अलग चूल्हा किधर है?” क्रांतीने हाताने दाखवली. त्याने चपला काढल्या, दारातूनच बघितलं, हात जोडले आणि परत गेला. जर्मन पाहुण्याने मासळीची थाळी सोडून ही घेतली आणि राजगिऱ्याची पुरी दोनदा मागवली. बंगाली नवरा-बायको आपापसांत वाद घालत होते, भात सोडणं शक्य आहे का, म्हणून. बायको म्हणत होती, तू एक दिवस करून दाखव. प्राप्ती प्रत्येक टेबलावरचं ऐकून आत येऊन क्रांतीला सांगत होती. क्रांती पुऱ्या तळत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते जाळाच्या उजेडाचं आहे, असं कोणी समजलं असतं तर तिची हरकत नव्हती.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक वयस्कर बाई बसल्या होत्या. कंपनीतल्या कोणाच्या तरी आई, कानपूरच्या. मुलगा, सून आणि त्या. सगळे त्यांना माताजी म्हणत होते. त्यांचे नऊ दिवसांचे उपास. त्यांनी हिंदी कार्ड चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. प्राप्तीला म्हणाल्या, “बहू, इतना साफ लिखा हुआ मैंने कहीं नहीं देखा.” टमाटर नाही म्हणून जरा हळहळल्या, त्यांच्या घरी व्रताला टोमॅटो चालतो. मग ताटाला हात जोडून जेवायला लागल्या.

क्रांती ताकाचा तांब्या घेऊन स्वतः बाहेर आली, ती याच टेबलाकडे. माताजींचं ताट निम्मं झालं होतं. त्यांनी वरीचा घास आमटीत कालवला, खाल्ला आणि सहज, कौतुकाने विचारलं, “सेंधा नमक का अंदाज़ बिल्कुल ठीक है. बिना चखे कैसे डालती हो?”

क्रांतीचा हात तांब्यावर थांबला.

गणराज मागच्या टेबलाजवळ बिल घेऊन उभा होता. त्याने ऐकलं. त्याला गिऱ्हाईक कळायचं, आणि प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची सवय होती. “हाँ हाँ माताजी,” तो म्हणाला, “सेंधा ही है.”

माताजींनी मान डोलावली आणि पुढचा घास उचलला.

एवढंच. कोणी ओरडलं नाही, काही सांडलं नाही. पण क्रांतीला तिथे उभ्या जागी सगळं कार्ड डोळ्यांपुढे दिसलं, वरपासून खालपर्यंत. जिरं होतं. चिमूटभर साखर होती. कोथिंबिरीच्या वाटीची सोय होती. मीठ कुठेच नव्हतं. कसं असेल? मिठागरावर जन्मलेल्या बाईला मीठ लिहावं असं सुचणार कसं? पाणी लिहितं का कोणी? तिच्या घरात, तिच्या गावात, उपासाला मीठ चालतं की नाही हा प्रश्न कोणी कधी उच्चारला नव्हता. उत्तरेकडचे लोक व्रतात समुद्राचं मीठ खात नाहीत, फक्त सैंधव खातात, हे तिने कधीतरी ऐकलं होतं. ऐकलं होतं आणि विसरली होती, दुसऱ्याच्या गावच्या हवेसारखं.

गप्प बसलं तर माताजी ताट संपवतील, तृप्त होऊन उठतील, आणि त्यांच्या लेखी त्यांचं व्रत अभंग राहील. खरं सांगितलं तर ते इथे, या टेबलावर, तिच्या हातच्या घासाने मोडलेलं त्यांना कळेल. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडावं लागेल ते वेगळंच. आणि ते कार्ड.

तिने तांब्या खाली ठेवला. “माताजी,” ती अगदी हळू म्हणाली, “रुकिए. सेंधा नहीं है. समुद्र का नमक है.”

माताजींचा हात ताटातच थांबला. गणराजने क्रांतीकडे बघितलं, मग जमिनीकडे.

मुलगा आधी बोलला. “मतलब? अभी तो भाईसाब ने कहा सेंधा है. और कार्ड पर सब कुछ लिखा है, नमक क्यों नहीं लिखा?”

प्राप्ती धावत आली. “सर, सेंधा आहे असंही कार्डावर कुठे लिहिलेलं नाही…”

“प्राप्ती, थांब,” क्रांती म्हणाली. मग माताजींकडे वळून, आपल्या मोडक्या हिंदीत, शब्द शोधत शोधत ती बोलली. चूक आमची आहे. आम्ही जिरं लिहिलं, साखर लिहिली आणि मीठ राहिलं. आमच्याकडे उपासाला हेच मीठ खातात, म्हणून मला लिहायचं सुचलंच नाही. तुमच्याकडे वेगळं आहे, हे मी विचारायला हवं होतं. मालकांनी तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हटलं. पण तुमचं व्रत आहे. ते मला लपवता येणार नाही.

माताजी उठल्या. बाहेर नळावर गेल्या, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं. सगळं हॉटेल त्यांच्याकडे बघत होतं आणि न बघितल्याचं दाखवत होतं. त्या परत येऊन बसल्या. डोळे मिटले. ओठ हलत होते. क्रांती तिथेच उभी राहिली. निघून जाणं तिला बरं दिसलं नाही.

डोळे उघडून माताजींनी आधी तिच्या पायांकडे बघितलं. पाय उघडे होते, टाचांना वाळू लागलेली.

“तुम्हारा भी व्रत है?”

“जी.”

“नौ दिन?”

“जी.”

“और तुम इसी नमक से खाती हो?”

“जी. एकच वेळ. इसी से.”

माताजींनी ताटातल्या वरीकडे बघितलं. मग त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “वाह रे. एक ही नमक. तुम्हारा व्रत रहा, मेरा टूट गया.”

क्रांतीला हसावं की नाही कळेना. ती म्हणाली, “माताजी, ये नमक मेरे पिताजी के हाथ का है. ते मिठागरावर काम करतात. समुद्राचं पाणी, ऊन आणि हात, दुसरं त्यात काही नाही. मला त्याची लाज नाही. पण ते तुमच्या घरचं नाही, हेही खरं.”

हे निम्मं मराठीतच झालं. अमिषा आपल्या टेबलावरून उठून आली होती, तिने ते हिंदीत सांगितलं. सांगताना तिने एक शब्द गाळला नाही.

मुलगा अजून धुमसत होता. “अम्मा, चलिए, कहीं और…”

“बैठ,” माताजी म्हणाल्या. “अनजाने में खाया है. माँ देख रही है, किसने छुपाया और किसने बताया.” मग क्रांतीला म्हणाल्या, “आज और कुछ नहीं. दूध दे दो, एक केला. कल सप्तमी है. कल तुम सेंधा लाओगी?”

“लाऊंगी.”

“पिसा हुआ पैकेट नहीं. डला. खुद कूटना.”

“डलाच आणेन. सकाळी, बाकी काही व्हायच्या आत. भांडं घासून, आंघोळ करून. टमाटर घालून.” अमिषा हेही हिंदीत सांगत गेली.

“टमाटर तुम्हारे यहाँ नहीं चलता न?”

“तुमच्या ताटात चालेल.”

माताजींनी मान हलवली. “तो कल तुम्हारे हाथ का खाऊँगी. तब तक ये व्रत तुम्हारे ज़िम्मे.”

दूध आणि केळं प्राप्तीने नेऊन दिलं. मंडळी हळूहळू उठली. जर्मन पाहुण्याने जाताना कार्डाचा फोटो काढला. गणराज गल्ल्यावर बसून उगाच सुटे पैसे मोजल्यासारखं करत होता.

संध्याकाळी, हॉटेल रिकामं झाल्यावर, क्रांतीने सगळी कार्डं टेबलावर मांडली. “यावर मिठाची ओळ लिहायची.”

“आता?” गणराज म्हणाला. “समुद्राचं मीठ असं ढळढळीत लिहिलं, तर उत्तरेचं गिऱ्हाईक दारातूनच फिरेल. नको लिहू. सैंधव आनून ठेवू एक पाकीट, विचारलं तर तेच सांगू.”

“आनि घालायचं काय?”

त्याने एक कार्ड उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

“अहो,” क्रांती म्हणाली, तोच हळू आवाज, “तुमचा पापलेट ताजा नसला तर तुम्ही आज न्हाय म्हनून सांगता. तिथे तुम्ही खोटं बोलला न्हाय कधी. माझ्या चुलीवरच का?”

गणराजने दाढी खाजवली. मग म्हणाला, “मला वाटलं बाईला वाईट वाटेल.”

“वाटलंच वाईट. पन ती उठून गेली न्हाय.”

प्राप्तीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि मार्कर पुढे सरकवला. “ओळ सांगा ताई. शेवटी कुठे बसवू? जागा कमी आहे.”

“शेवटी न्हाय. सगळ्यात वर. नावाच्या खाली.”

प्राप्तीचं अक्षर बारीक होतं, प्लास्टिकवर दिसेना. गणराजने मार्कर तिच्या हातातून घेतला. फळ्यावर रोजच्या मासळीची नावं त्याच्याच हातची असत, ठसठशीत, लांबून वाचता येतील अशी. क्रांतीने सांगितलं आणि त्याने लिहिलं: “मीठ समुद्राचं, आमच्या मिठागराचं. आमच्या घरी उपवासाला हेच चालतं. तुमच्याकडे सैंधव लागत असेल, तर जेवणाआधी सांगा. वेगळ्या भांड्यात करू.”

“आमच्या मिठागराचं,” गणराजने लिहून झाल्यावर वाचलं. “सासरेबुवा वाचतील तर छाती फुगवून फिरतील आठ दिवस.”

“फुगू द्या.”

“मग हिंदीत पण तुम्हीच लिहा, भाऊजी,” प्राप्ती म्हणाली. “दुपारी ‘सेंधा ही है’ फार सफाईने आलं होतं.”

गणराजने तिच्याकडे बघितलं, दुसरं कार्ड ओढलं आणि लिहायला लागला. एकेक करून सगळी कार्डं झाली. मार्करची ओळ छापील अक्षरांपेक्षा वाकडी होती आणि काळीभोर होती. टेबलावर मांडल्यावर सगळ्यात आधी तीच दिसत होती. क्रांतीने प्रत्येक कार्डावरून पदराचं टोक फिरवलं, शाई वाळली का बघायला. खरंतर एकदा फिरवलं तरी पुरलं असतं.

काशीदच्या दुकानात सैंधवाचं पाकीट होतं, दळलेलं. डला, म्हणजे अख्खा खडा, नव्हता. रेवदंड्याच्या बाजारात काष्ठौषधी विकणारा एक जुना दुकानदार होता, त्याचं घर दुकानाच्याच माडीवर. प्राप्तीने त्याला फोन लावून विचारलं. तो म्हणाला, आहे, सकाळी दार वाजवा.

“मी जातो गाडीवरून,” गणराज म्हणाला.

“शब्द मी दिलाय,” क्रांती म्हणाली.

सप्तमीच्या सकाळी तांबडं फुटायच्या आधी तिने आंघोळ केली, घटापुढची समई नीट केली, तुळशीला पाणी घातलं. पडवीतली छोटी कढई राखेने घासून, विहिरीच्या पाण्याने धुऊन पालथी घातली. खलबत्ता धुतला, पुसला आणि स्वच्छ फडक्यावर उताणा ठेवला. बरणी तिने जागची हलवली नाही. ती तिथेच होती, झाकण घट्ट.

मग तिने कापडी पिशवी घेतली. येताना लाल टोमॅटोही आणायला लागतील, हे मनात घोकलं. घरात सगळे झोपलेले होते. तिने दार आवाज न होऊ देता ओढून घेतलं आणि अनवाणी, ओल्या रस्त्याच्या कडेकडेने, रेवदंड्याकडे जाणाऱ्या पहिल्या एस्टीच्या थांब्याकडे चालायला लागली.